बिल नंतर वाच, आधी टेप घे

सर, नमस्कार. डिप्लोमा करून साईटला लागून सहा-सात महिने झालेत. तळमजला अधिक दोन मजल्यांची बिल्डिंग आहे, आयटम रेटचं काम. कॉन्ट्रॅक्टरचं तिसरं रनिंग बिल आलंय, त्यात आतलं प्लास्टर आजपर्यंत ११८६ चौरस मीटर, मागचं ७४२, या बिलात ४४४ असं लिहिलंय. मला साईटवर फिरून तेवढं वाटत नाही, वरच्या मजल्यावर चार खोल्यांना तर अजून हातच लागला नाहीये. साहेबांनी नवी कोरी एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक हातात दिली आणि म्हणाले सोमवारपर्यंत चेक करून दे. कॉलेजात एस्टिमेट केलंय पण एम.बी. कधी भरली नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, मॅडम बिल बरोबर आहे, सही करून टाका. सुरुवात कुठून करू, वजावट कशी धरायची, आणि फरक निघाला तर बोलायचं कसं?
एक ज्युनियर इंजिनियर

हे बघ, पहिली गोष्ट म्हणजे बिल समोर ठेवून चेक करायला बसू नकोस. बहुतेक जण हेच करतात, बिलातला आकडा घेतात, कॅल्क्युलेटरवर दराने गुणतात, गुणाकार बरोबर आला की टिक मारतात. गुणाकार कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातल्या पोराने एक्सेलमध्ये केलेला असतो, तो चुकत नाही. घोळ असतो तो परिमाणात, म्हणजे ११८६ हा आकडा आला कुठून यात, आणि त्याचं उत्तर बिलात नसतं. बिल हा नुसता गोषवारा असतो. म्हणून सगळ्यात आधी त्याच्याकडे मेजरमेंट शीट माग, खोलीनिहाय, मापांसकट. शीटशिवाय आलेलं बिल चेक करायला घेऊच नये, सरळ सांगायचं की शीट द्या मग बघते, त्यात भांडण काही नाही.

शीट येईपर्यंत टेबलावर दोन कामं उरकून घे.

एक, ॲग्रीमेंट काढ आणि त्यात मोजमापाची पद्धत काय लिहिलीय ते शोध, म्हणजे मोड ऑफ मेजरमेंटचा क्लॉज. बऱ्याच ठिकाणी फक्त 'आय.एस. १२०० प्रमाणे', म्हणजे मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे, असं एक वाक्य असतं, काही ठिकाणी आयटमच्या वर्णनातच वजावटीचं लिहिलेलं असतं. ॲग्रीमेंटमध्ये वेगळं काही लिहिलं असेल तर ते चालतं, आय.एस. नाही. मी खाली जे नियम सांगतोय ते आय.एस. १२०० च्या भाग १२ मधले आहेत, हा भाग प्लास्टर आणि पॉइंटिंगचा. तुझ्या ॲग्रीमेंटमध्ये 'सर्व ओपनिंग पूर्ण वजा' असं असेल तर माझं गणित बाजूला ठेव आणि तसं कर.

दोन, मागचं म्हणजे दुसरं बिल काढ, पण कॉन्ट्रॅक्टरने दिलेलं नाही, साहेबांनी पास केलेलं. रनिंग बिलाला तीन रकाने असतात, आजपर्यंतचं काम, मागच्या बिलापर्यंतचं काम आणि दोघांची वजाबाकी म्हणजे या बिलातलं काम. तिसऱ्या बिलातला 'मागचं' हा आकडा दुसऱ्या बिलातल्या पास झालेल्या 'आजपर्यंत'शी जुळायलाच पाहिजे, दशांशापर्यंत. हे जुळवायला पाच मिनिटं लागतात आणि तरी कोणी करत नाही. समजा पास बिलात प्लास्टर ७६८ दिलंय आणि याने ७४२ लिहिलंय, तर २६ चौरस मीटरचे पैसे दुसऱ्यांदा जाणार, आणि साईटवर कितीही मोजलंस तरी ते सापडणार नाही, कारण साईटवर सगळं बरोबरच दिसणार. दर वेळी यात लबाडी असते असंही नाही हं, बऱ्याचदा त्याच्या ऑफिसात जुनी फाईल उघडली जाते आणि तोच आकडा पुढे येतो. उलटही होतं, साहेबांनी मागच्या बिलात काही कापलेलं असतं आणि कॉन्ट्रॅक्टर स्वतःचा मूळ आकडाच 'मागचं' म्हणून धरतो, मग त्याचंच नुकसान होतं. तेही दुरुस्त करायचं.

आता जायच्या आधी अजून एक अंदाज काढून ठेव, मी हा नेहमी काढतो. ड्रॉईंगवरून पूर्ण बिल्डिंगचं आतलं प्लास्टर किती होणार ते एकदा काढ, दारं-खिडक्या नियमाप्रमाणे वजा करून. समजा १२३० आलं. आता चार खोल्या बाकी आहेत, एका खोलीचं साधारण ४० धरलं तर १६० गेले, राहिले १०७०. बिल म्हणतंय ११८६. म्हणजे टेप उघडायच्या आधीच तुला कळलं की शंभर-सव्वाशेचा फरक कुठेतरी आहे आणि तो शोधायचाय. हा अंदाज एम.बी.त लिहायचा नाही आणि कॉन्ट्रॅक्टरला ऐकवायचाही नाही, तुझ्या मोजणीचा आकडा भलतीकडेच गेला तर तुला कळावं एवढ्यापुरताच तो. मोजणीत १०७० च्या जागी ९३० आलं तर समजायचं की आपल्याच तीन-चार खोल्या राहिल्या.

मोजायला जाताना कॉन्ट्रॅक्टरचा माणूस बरोबर पाहिजेच, त्याचा इंजिनियर नसेल तर सुपरवायझर चालेल. आदल्या दिवशी मेसेज टाकून ठेव की उद्या दहा वाजता प्लास्टरची मापं घेतोय, माणूस पाठवा, म्हणजे नंतर 'आम्हाला बोलावलंच नाही' हे राहत नाही. टेप स्टीलचा घे, कापडी टेप ताणला की लांबतो. उंचीसाठी लेझर असेल तर उत्तम, पण सुरुवातीला एका भिंतीवर लेझर आणि टेप दोन्हीने मोजून बघ, कारण लेझर मागच्या कडेपासून मोजतोय की पुढच्या हे सेटिंग कोणीतरी बदलून ठेवलेलं असतं.

आणि एम.बी. जागेवर भरायची. कच्च्या वहीत लिहून घरी जाऊन सुवाच्य अक्षरात उतरवायची सवय लावून घेऊ नकोस, उतरवताना आकडे बदलतात, आणि त्या कच्च्या वहीवर कोणाची सही नसते. एम.बी.ची पानं छापील नंबरची असतात, एकही पान फाडायचं नाही. शाईने लिहायचं. चुकलं तर खोडरबर नाही, व्हाईटनर तर अजिबात नाही, चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची म्हणजे आधीचा आकडा वाचता येईल, वर बरोबर आकडा, बाजूला छोटी सही आणि तारीख. पानाच्या सुरुवातीला कामाचं नाव, एजन्सीचं नाव, ॲग्रीमेंट नंबर, मोजल्याची तारीख आणि कितव्या बिलासाठी ते. मग रकाने, तपशील, नग, लांबी, रुंदी, उंची किंवा खोली, आणि शेवटी परिमाण. मापं मीटरमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत.

तपशिलाच्या रकान्यात कंजुषी करू नकोस. 'बेडरूम प्लास्टर' असं लिहिलं तर सहा महिन्यांनी फायनल बिलाला कोणाला कळणार कुठली बेडरूम, आणि तीच खोली पुन्हा चौथ्या बिलात घुसली तर पकडणार कशी? मजला, फ्लॅट, खोली, आणि एकच भिंत झाली असेल तर कुठल्या दिशेची, एवढं पाहिजेच. कॉन्ट्रॅक्टरच्या शीटमध्येही हेच बघ. जिथे जागेचं नाव नाही, नुसतं 'पहिला मजला प्लास्टर' आणि समोर गोल आकडा, तिथे आधी बोट ठेवायचं. आणि ओळीने सहा खोल्यांना तीच ती मापं असतील तर पहिली खोली मोजून पाच कॉपी मारल्यात, प्रत्यक्षात दोन खोल्या लहान निघतात.

आता एक खोली घेऊ, नीट शेवटपर्यंत. पहिला मजला, फ्लॅट १०३, बेडरूम २. विटेपासून विटेपर्यंत खोली ४.२० बाय ३.६०. फरशीपासून फरशीपर्यंत मजल्याची उंची ३.००, स्लॅब १५० मिलिमीटरचा, म्हणजे आत मिळणारी उंची २.८५. हॉलच्या बाजूला एक दार ०.९० बाय २.१०, बाहेरच्या भिंतीला एक खिडकी १.५० बाय १.२०, बाल्कनीकडे मोठं दार १.८० बाय २.१०. टॉयलेटच्या भिंतीत वर एक झरोका ०.६० बाय ०.४५.

कॉन्ट्रॅक्टरच्या शीटमध्ये ही खोली एका ओळीत असते. घेर १५.६०, उंची ३.००, परिमाण ४६.८०, झालं.

तुझ्या एम.बी.त ती अशी दिसेल, यात जांब म्हणजे ओपनिंगच्या दोन उभ्या कडा:

लांब भिंती: २ × ४.२० × २.८५ = २३.९४
आखूड भिंती: २ × ३.६० × २.८५ = २०.५२
बाल्कनी दाराचे जांब: २ × ०.१५ × २.१० = ०.६३
त्याच दाराची वरची बाजू: १ × १.८० × ०.१५ = ०.२७
बेरीज: ४५.३६
वजा, हॉलचं दार: १ × ०.९० × २.१० = १.८९
वजा, बाल्कनीचं दार: १ × १.८० × २.१० = ३.७८
वजा बेरीज: ५.६७
निव्वळ: ३९.६९ चौरस मीटर

फरक ७.११, एका खोलीत, म्हणजे खऱ्या कामाच्या शेकडा अठराच्या आसपास. आता हे कुठून कुठून आलं ते बघ, कारण तुला प्रत्येक ओळ समजावून सांगावी लागणार आहे.

उंचीचा घोळ सगळ्यात सोपा. त्याने मजल्याची उंची धरली, स्लॅबच्या जाडीवर काही प्लास्टर होत नाही. १५.६० गुणिले ०.१५ म्हणजे २.३४ तिथेच गेले. खालच्या बाजूलाही बघ, स्कर्टिंग बसणार असेल तर मिस्त्री प्लास्टर खाली जमिनीपर्यंत आणत नाहीत, थोडं वर थांबवतात. आय.एस. मध्येही उंची फरशीच्या किंवा स्कर्टिंगच्या वरून छतापर्यंत धरायची असंच आहे. तेव्हा प्लास्टर जिथे संपलंय तिथे टेपचं टोक लाव, मी वर पूर्ण खालपर्यंत केलंय आणि स्कर्टिंग नाही असं धरून चाललोय.

ओपनिंगचा नियम तीन पायऱ्यांचा आहे. अर्धा चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग असेल तर काहीच वजा करायचं नाही आणि त्याच्या कडांचे पैसेही वेगळे द्यायचे नाहीत, म्हणून तो ०.२७ चा झरोका माझ्या हिशोबात कुठेच दिसत नाही. अर्ध्यापेक्षा जास्त आणि तीनपर्यंत असेल तर आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच प्लास्टर असेल तर एकाच बाजूने वजा करायचं, दुसऱ्या बाजूची वजावट सोडून द्यायची, त्या बदल्यात जांब आणि वरची-खालची बाजू वेगळी मोजायची नाही. हॉलचं दार १.८९ चं, इथे बसतं. ते मी बेडरूममध्ये वजा केलं, म्हणजे हॉलच्या पानावर ते वजा करायचं नाही, पण तिथे एक शेरा लिहून ठेवायचा की हे दार बेडरूम २ मध्ये वजा, पान अमुक. नाहीतर होतं काय की दोन्हीकडे वजा होतं किंवा कुठेच होत नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या शीटमध्ये बहुतेक वेळा कुठेच नसतं.

तीन चौरस मीटरच्या वरचं ओपनिंग पूर्ण वजा करायचं, पण मग जांब, वरची बाजू, खिडकी असेल तर खालची सिल, हे सगळं मोजून द्यायचं. बाल्कनीचं दार ३.७८, ते पूर्ण वजा, आणि चौकटीच्या आतल्या बाजूला भिंतीची जी पट्टी उघडी राहते ती इथे १५ सेंटीमीटर, तिचे ०.९० चौरस मीटर मी वर धरलेत. हे धरायला विसरू नकोस. कॉन्ट्रॅक्टरने मागितलं नाही म्हणून द्यायचं नाही असं करणारे इंजिनियर मी बघितलेत, मला ते पटत नाही. मोजायला आपण गेलोय, कापायला नाही.

आता खिडकी. ती १.८० ची, म्हणजे मधल्या पायरीतली, मग वजा का नाही केली? कारण ही बाहेरच्या भिंतीत आहे, आत एक प्लास्टर आणि बाहेर वेगळं, दर वेगळे, आयटम वेगळे. अशा वेळी नियम असा की चौकटीच्या ज्या बाजूला भिंतीची पट्टी कमी रुंद, त्या बाजूच्या प्लास्टरमधून पूर्ण वजा करायचं आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. दोन्हीकडे पट्टी सारखी असेल तर निम्मं-निम्मं. या खोलीत चौकट बाहेरच्या अंगाला बसवलीय, आत पट्टी रुंद आहे, तेव्हा वजावट बाहेरच्या प्लास्टरवर जाते. बाहेरचं प्लास्टर अजून बिलात आलं नसेल, पण येईल तेव्हा ही खिडकी तिथे लागणारे, म्हणून आत्ताच शेरा लिहून ठेव. प्रत्येक खिडकीशी थांबून चौकट कुठे आहे ते बघावं लागतं, ऑफिसात बसून ड्रॉईंगवरून हे होत नाही, आणि नवीन मुलं नेमकं हेच गाळतात, सरसकट सगळ्या खिडक्या आतून वजा करतात, मग कॉन्ट्रॅक्टर एका खिडकीवर चूक दाखवतो आणि पूर्ण मोजणीवरचा विश्वास जातो.

अजून एक बारीक गोष्ट त्याच्या बाजूची. लांबी प्लास्टरच्या आधीची धरायची असते, म्हणजे वीट ते वीट. तू आता प्लास्टर झालेल्या खोलीत टेप लावणार, १२ मिलिमीटरचं प्लास्टर असेल तर प्रत्येक लांबीत दोन्ही बाजूंचे मिळून २४ मिलिमीटर कमी येणार. ४.२० ची खोली ४.१८ मध्ये यायला लागली की गोंधळू नकोस. या खोलीत त्याने पाव चौरस मीटरहून किंचित जास्त फरक पडतो, पूर्ण बिल्डिंगला थोडाफार होतो. पहिल्याच खोलीत त्याच्या माणसाला हे तू स्वतःहून सांग. पुढची मोजणी किती सुरळीत होते बघ.

याच पद्धतीने सगळ्या खोल्या. आणि यावेळी नुसतं नवीन प्लास्टर मोजू नकोस, आधीच्या दोन बिलांतलंही मोज, कारण तू म्हणतेस एम.बी. कोरी आहे, म्हणजे मागची दोन बिलं एम.बी.शिवायच पास झालीत असं दिसतंय. नीट नोंदी असत्या तर मागचं पान उघडून फक्त नवीन खोल्या घेतल्या असत्या. आता एकदा पूर्ण मोजून टाक, पुढच्या बिलांना सोपं जाईल.

समजा सगळं मिळून १०७२ आलं. पास बिलातलं मागचं ७६८ वजा केलं तर या बिलात ३०४ देय. त्याने मागितले होते ४४४. फरक १४०, त्यातला ११४ मोजणीचा आणि २६ मागच्या आकड्याचा. हे दोन वेगवेगळे लिही, एकत्र करून '१४० जास्त लावले' असं म्हणू नकोस, कारण २६ वर तो लगेच हो म्हणेल, कागदच समोर असतो, आणि ११४ वर चर्चा होईल.

एक गोष्ट मात्र मोजून कळत नाही, ती डोळ्यांनी बघावी लागते. खोलीत प्लास्टर 'झालंय' म्हणजे काय झालंय? आयटमच्या वर्णनात फिनिशिंग, कोपरे, जांब, आर.सी.सी. आणि वीटकामाच्या सांध्यावर जाळी, पाणी मारणं असं सगळं असेल आणि इथे नुसता हात मारून ठेवलाय, जांब उघडे आहेत, तर पूर्ण दर देता येत नाही. त्याला पार्ट रेट लावतात, म्हणजे दराचा काही भाग आत्ता, राहिलेला काम पूर्ण झाल्यावर. किती टक्के हे तू ठरवायचं नाही, साहेबांना विचार, पण अशा खोल्यांची यादी एम.बी.त वेगळी कर आणि शेऱ्यात काय बाकी आहे ते लिही. एका हाताने भिंतीवर टकटक करत फिर, पोकळ आवाज आला तर ते मोजणीत नाही, दुरुस्तीच्या यादीत जातं.

प्लास्टर संपलं की बिलातले बाकीचे आयटम. सगळे तेवढ्याच खोलात जाऊन बघायला सोमवारपर्यंत वेळ नाही, आणि गरजही नाही. रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लाव, वरच्या चार-पाच आयटममध्येच बहुतेक पैसा बसलेला असतो, ते पूर्ण मोज, खालचे वरवर बघ. वरच्यांत काँक्रीट नक्की असणार, तिथे एकच गोष्ट धरून ठेव, काँक्रीटचा प्रत्येक तुकडा एकदाच मोजला गेला पाहिजे. स्लॅब पूर्ण लांबी-रुंदीने मोजला की बीमची उंची स्लॅबच्या तळापासून खाली धरायची, आणि बीमची लांबी कॉलमच्या तोंडापासून तोंडापर्यंत. उदाहरण म्हणून २३० बाय ४५० चा बीम घे, कॉलम मध्य ते मध्य ४.३५. शीटमध्ये ४.३५ × ०.२३ × ०.४५ म्हणजे ०.४५ घनमीटर असतं. कॉलम त्या दिशेला ४५० चे, तर मधली मोकळी लांबी ३.९०, स्लॅबखालची उंची ०.३०, म्हणजे ०.२७. उरलेले ०.१८ एकदा स्लॅबमध्ये आणि कॉलममध्ये मोजून झालेलेच असतात. एका बीमला हे किरकोळ वाटतं, मजल्यावर किती बीम आहेत ते मोज म्हणजे कळेल. आणि काँक्रीटमधून सळईचं घनफळ वजा करायचं नसतं, तसा प्रयत्न कोणी करत असेल तर तोही करू देऊ नकोस.

सळई आता टेपने मोजता येत नाही, ती काँक्रीटच्या आत गेलीय. तिथे ओतण्याआधीची चेकलिस्ट, बार बेंडिंग शेड्यूल आणि फोटो एवढाच आधार. वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने, म्हणजे १२ मिलिमीटरला मीटरला ०.८९ किलोच्या आसपास, आणि ते शेड्यूलमधल्या लांबीवर, वजनकाट्याच्या चलनावर नाही. आय.एस. १२०० प्रमाणे मंजूर लॅप आणि चेअर मोजतात, बाईंडिंग वायर आणि वेस्टेज वेगळं देत नाहीत, ते दरातच असतं. शीटच्या तळाशी 'अधिक ३ टक्के वेस्टेज' अशी ओळ दिसली तर ॲग्रीमेंटमध्ये तसं कुठे लिहिलंय ते विचार. पुढच्या स्लॅबला मात्र काँक्रीट ओतायच्या आधी सळईची मापं एम.बी.त चढली पाहिजेत, फुटिंग-पी.सी.सी. सारख्या पुरल्या जाणाऱ्या कामाचंही तेच. पंप येऊन उभा राहिल्यावर कोणी मोजू देत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळीच उरकायचं.

आता बोलायचं कसं. बिल परत फेकायचं नाही. एका कागदावर फरकाचा तक्ता कर, आयटम, त्याने मागितलेलं, मोजलेलं, फरक, कारण आणि एम.बी.चं पान. कारण दोन-चार शब्दांत, 'उंची ३.०० ऐवजी २.८५', 'दार वजा नाही', 'खोली २०४ काम झालेलं नाही'. तुझ्या त्या चार खोल्यांपैकी एखादी शीटमध्ये निघाली तर ती सगळ्यात वर लिही, तिच्यावर वाद होऊच शकत नाही, आणि बाकीच्या चर्चेचा सूर तिथेच ठरतो. 'तुम्ही जास्त लावलंय' असं तोंडाने म्हणायचीच गरज पडत नाही, 'ही माझी मापं, तुमची दाखवा, जिथे फरक वाटतो ती खोली आत्ता जाऊन मोजू' एवढं पुरतं. मुरलेले कॉन्ट्रॅक्टर बिलात थोडं चढवूनच पाठवतात, कापणार हे धरूनच, तेव्हा ते मनाला लावून घेत नाहीत, तूही घेऊ नकोस. पण हा फरक 'अर्धा तुमचा अर्धा आमचा' करून मिटवायला बसला तर मानू नकोस, दर घासाघीस करून ठरतो, माप नाही.

आणि मोजणीत त्याचं म्हणणं खरं निघालं तर लगेच आकडा बदल, रेघ मारून, सही करून. शेवटी त्या पानांवर त्याच्या माणसाची 'मापं मान्य' अशी सही घे, तारखेसकट. सही द्यायला नको म्हणत असेल तर 'मोजणीस हजर होते, सही दिली नाही' असा शेरा लिही आणि साहेबांना त्याच दिवशी सांग.

एखाद्या आयटमवर एकमत झालंच नाही तर पूर्ण बिल अडकवून ठेवू नका. वाद नसलेलं पास करायचं, वादातलं परिमाण शेऱ्यासकट बाजूला ठेवायचं, पुढच्या बिलात बघू. रनिंग बिल हे उचल असल्यासारखंच असतं, फायनल बिलापर्यंत परिमाण वर-खाली करता येतं, मागे जास्त गेलेलं पुढच्या बिलात कमी होतं. त्याच्या मजुरांचा पगार त्या पैशातून व्हायचा असतो हेही लक्षात असू दे, सोमवार म्हणजे सोमवार.

एम.बी. साहेबांकडे देताना शेवटी गोषवारा लिही, प्रत्येक आयटमसमोर मापाची पानं, आजपर्यंतची बेरीज, मागचं, या वेळचं. रिकाम्या राहिलेल्या ओळींवर तिरकी रेघ मार, म्हणजे नंतर कोणी मध्ये काही घुसवू शकणार नाही. साहेब त्यातल्या काही नोंदी स्वतः जाऊन तपासतील, तपासायलाच पाहिजेत, त्यांनी विचारलं कुठली खोली बघू तर तुला जिथे सगळ्यात जास्त फरक आलाय तीच दाखव. आणि पैसे निघाले की त्या पानांवर बिल नंबर घालून लाल शाईने आडवी-तिरकी रेघ मारून घे, नाहीतर चौथ्या बिलाला तीच पानं पुन्हा कोणीतरी धरेल.